टॉवर जागचा हलत नाही, मग त्याला जीपीएस कशाला लागतो?

खानापूर शिवार

आमचे गाव खानापूर तालुक्यात, नंदगडच्या बाजूला आहे. गावच्या माळावर एक मोबाइल टॉवर आहे आणि तेथून सुमारे दोन किलोमीटरवर शेजारच्या गावात त्याच कंपनीचा दुसरा टॉवर आहे. पावसाळा सुरू झाल्यावर शेजारच्या गावात एक विचित्र त्रास सुरू झाला. तेथे माझे मेहुणे सेवाकेंद्र चालवतात. त्यांच्याकडे ५जीवर व्हिडिओ व्यवस्थित दिसत असे, पण लोकांची कागदपत्रे वर चढवताना प्रत्येक वेळी अडथळा येई. आमच्या गावात मात्र दोन्ही गोष्टी सुरळीत चालत होत्या. तक्रारी झाल्या, माणसे येऊन त्यांच्याच टॉवरची तपासणी करून गेली आणि काही सापडले नाही.

मग एके दिवशी एक तंत्रज्ञ आमच्या टॉवरवर आला, वरची जीपीएस अँटेना आणि तिची केबल बदलून गेला, आणि त्याच दिवशी मेहुण्यांच्या गावातील त्रास थांबला. माझे प्रश्न दोन आहेत. टॉवर वर्षानुवर्षे एकाच जागी उभा असताना त्याला जीपीएस कशासाठी लागतो? आणि बिघाड आमच्या टॉवरवर असताना त्रास शेजारच्या गावाला का व्हावा? कृपया जाणकारांनी सविस्तर लिहावे.

जुना एक्स्चेंज

मी दूरध्वनी खात्यातून निवृत्त झालो आहे, म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. जीपीएस तेथे जागा शोधण्यासाठी नसून वेळ घेण्यासाठी असतो. प्रत्येक उपग्रहावर अणुघड्याळ असते आणि जमिनीवरील यंत्र त्यावरून आपले घड्याळ लावून घेते. टॉवरला ज्या फ्रिक्वेन्सीवर प्रक्षेपण करायचे ती अचूक राखावी लागते. मोठ्या टॉवरसाठी ही मर्यादा एक अब्जात ५० भाग इतकी आहे. ती सुटली तर एका टॉवरवरून दुसऱ्यावर जाताना फोनला नवा टॉवर नीट पकडता येत नाही आणि चालू बोलणे तुटते.

आमच्या काळी २जीच्या टॉवरला यासाठी जीपीएस लागत नसे. एक्स्चेंजमधून जी २.०४८ मेगाबिटची ई-वन लाइन जाई, तिच्याच ठोक्यावर टॉवर आपले घड्याळ चालवत असे. पुढे लाइन जाऊन इथरनेट आले आणि ती सोय तुटली, कारण साध्या इथरनेटमध्ये प्रत्येक यंत्र घड्याळाला ठोका देणाऱ्या आपापल्या स्फटिकावर चालते. जीपीएस त्याची भरपाई करतो, इतकेच. एखादा चांगला स्फटिक असेल तर जीपीएसवाचूनही काम चालावे, असे माझे मत आहे.

फायबरवाला बेळगाव

काकांनी २जीबद्दल लिहिले आहे ते अचूक आहे, आणि ५० भागांची मर्यादा आजही तशीच लागू आहे. परंतु ५जीच्या ज्या पट्ट्याबद्दल आपण बोलत आहोत त्याला तेवढे पुरत नाही. मी याच कामात आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

जुन्या पद्धतीत टॉवरने बोलायची फ्रिक्वेन्सी वेगळी आणि फोनने बोलायची वेगळी असे. दोघे एकाच वेळी बोलले तरी एकमेकांच्या आड येत नसत. ३३०० मेगाहर्ट्झच्या ५जी पट्ट्यात एकच फ्रिक्वेन्सी दोघांना पाळीपाळीने वापरावी लागते. आधी टॉवर बोलतो, मग थोडा वेळ शांतता, मग फोन बोलतात, आणि पुन्हा टॉवरची पाळी येते. हे चक्र सर्वसाधारणपणे अडीच मिलिसेकंदांत पूर्ण होते. आता परिसरातील सर्व टॉवरांनी एकाच क्षणी बोलायला लागणे आणि एकाच क्षणी गप्प होणे आवश्यक आहे. एखादा टॉवर आधी बोलू लागला, तर त्या वेळी शेजारचा टॉवर दूरच्या फोनचे अत्यंत क्षीण संकेत ऐकत असतो, आणि त्यांच्यावर या टॉवरचा आवाज येऊन पडतो.

म्हणजे येथे ठोक्याची गती बरोबर असून भागत नाही, ठोका पडण्याचा क्षणही सर्वांचा एक असावा लागतो. काकांच्या मर्यादेने हिशेब करून पाहा. घड्याळ अब्जात ५० भागांनी चुकत असेल तर ते दर सेकंदाला ५० नॅनोसेकंदांनी सरकते. या पट्ट्यात कोणत्याही दोन टॉवरांमध्ये ३ मायक्रोसेकंदांहून अधिक तफावत नसावी, म्हणजेच प्रत्येक टॉवर सामाईक वेळेपासून दोन्ही बाजूंना दीड मायक्रोसेकंदाच्या आत असावा, असा नियम आहे. ५० नॅनोसेकंदांच्या गतीने हा दीड मायक्रोसेकंद अर्ध्या मिनिटात संपतो. फ्रिक्वेन्सीच्या परीक्षेत पूर्ण उत्तीर्ण झालेला टॉवर वेळेच्या परीक्षेत तीस सेकंदांत नापास होऊ शकतो.

हे ३ मायक्रोसेकंद कोठून आले तेही सांगतो, कारण दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यातच दडलेले आहे. फोन टॉवरला हाक देतात त्या पाळीचा शेवट आणि टॉवर पुन्हा बोलू लागण्याचा क्षण यांच्यामध्ये फक्त १३ मायक्रोसेकंदांची जागा राखलेली असते. त्यातील १० मायक्रोसेकंद टॉवरच्या यंत्रणेला ऐकण्याकडून बोलण्याकडे वळण्यासाठी आणि ३ घड्याळांच्या तफावतीसाठी धरलेले असतात. उलट बाजूला, टॉवर गप्प झाल्यावर फोन बोलू लागेपर्यंत, बरीच जास्त शांतता ठेवतात. नेहमीच्या एका रचनेत ती ७० मायक्रोसेकंदांच्या आसपास असते. त्यामुळे घड्याळ मागे पडलेल्या टॉवरपेक्षा घड्याळ पुढे गेलेला टॉवर शेजाऱ्यांना लवकर त्रास देतो.

निपाणी पेठ

हा अनुभव आम्हालाही येतो. निपाणीत आमच्या फोनला कधी कर्नाटकाचे तर कधी कोल्हापूरकडचे नेटवर्क मिळते, आणि गेल्या महिन्यात माझ्या फोनचे घड्याळ दोन मिनिटे मागे दाखवत होते. सीमेवरच्या दोन्ही बाजूंच्या टॉवरांची वेळ वेगळी असते म्हणून असे होते का? तसे असेल तर कोणत्या राज्याच्या कार्यालयात तक्रार करावी?

फायबरवाला बेळगाव

निपाणी पेठ, तुमच्या फोनवर दिसणारी वेळ ही निराळी गोष्ट आहे. नेटवर्क फोनला किती वाजले ते एका संदेशाने कळवते, आणि त्या संदेशात मिनिटांची चूक असली तरी रेडिओच्या कामावर काहीही परिणाम होत नाही. टॉवरच्या पाळीला किती वाजले याच्याशी कर्तव्य नसते. जीपीएसची वेळ आपल्या नेहमीच्या जागतिक वेळेपेक्षा सध्या १८ सेकंदांनी पुढे आहे, तरी काही बिघडत नाही, कारण सगळे टॉवर त्या एकाच वेळेला धरून चालतात.

सीमेचा मुद्दा मात्र योग्य आहे. निपाणीचे आणि कागलचे टॉवर वेगवेगळ्या परिमंडळांत असले तरी एकमेकांना ऐकू येतात. दोघेही उपग्रहाच्या वेळेला बांधलेले असल्यामुळे घड्याळासाठी दोन्ही बाजूंनी आपसांत काही ठरवावे लागत नाही. बोलण्या-ऐकण्याच्या पाळ्यांचा क्रम तेवढा दोन्हीकडे सारखा ठेवावा लागतो.

टॉवरचढ्या

मी चंदगड आणि खानापूर या दोन्ही तालुक्यांत टॉवरवर चढण्याचे काम करतो, त्यामुळे अँटेनाच्या बाजूने लिहितो. ती मुठीएवढी, पांढऱ्या टोपीची, आळंब्यासारखी दिसणारी वस्तू असते. तिच्या आत एक छोटा अँप्लिफायर असतो आणि त्याला खालून त्याच केबलमधून वीज मिळते, बहुधा ५ व्होल्ट. केबल तुटली किंवा तिच्यात शॉर्ट झाला तर विजेचा प्रवाह बदलतो आणि खाली तत्काळ अलार्म येतो. आमच्याकडच्या पावसात मात्र केबल सहसा तुटत नाही, कनेक्टरमध्ये पाणी शिरते.

जांबोटी आणि कणकुंबीच्या पट्ट्यात मी असे किती तरी कनेक्टर उघडले आहेत. बाहेरून टेप नीट दिसते. ती सोलून कनेक्टर फिरवला की पाण्याचे थेंब हातावर पडतात, मधली पिन काळवंडलेली असते आणि केबलची जाळी हिरवी पडून बोटाने चुरगळते. तरीही प्रवाह जवळपास तेवढाच जात असतो, म्हणून अलार्म येत नाही. उपग्रहांच्या संकेतांची ताकद तेवढी उतरते. रिसीव्हरच्या पडद्यावर चांगल्या अँटेनाला बहुतेक उपग्रह ४० ते ४५ डीबी-हर्ट्झ दाखवतात. पाणी शिरल्यावर तेच आकडे तिशीच्या खाली जातात आणि उपग्रह एकेक करून गळू लागतात.

शेवटपर्यंत कळत नाही याला आणखी एक कारण आहे. प्रथम जागा निश्चित करताना चार उपग्रह लागतात, पण टॉवर हलत नसल्यामुळे एकदा जागा पक्की झाली की वेळेसाठी एकच उपग्रह पुरतो. म्हणून अँटेना जवळजवळ मेलेली असतानाही घड्याळ लागलेले दिसते, आणि एखाद्या मोठ्या सरीत तो शेवटचा उपग्रहही जातो. यावर उपाय म्हणजे ताणून गुंडाळली की स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप वापरावी, तीही खालून वर गुंडाळावी, आणि केबल आत शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी गळून जाते. घाईत हा झोळ दिला जात नाही.

जुना एक्स्चेंज

मग उत्तर मिळाले असे समजतो. फ्रिक्वेन्सी आणि क्षण यांतील भेद मी धरला नव्हता, तो आता पटला. अँटेना गेली, टॉवर स्वतःच्या स्फटिकावर चालू लागला, हळूहळू सरकत पुढे गेला आणि शेजाऱ्याच्या पाळीत घुसला. दुसऱ्या प्रश्नाचा उलगडा यातच झाला.

फायबरवाला बेळगाव

काका, तसे होऊ शकते, पण या प्रसंगात मला शंका आहे. टॉवरमध्ये साधा स्फटिक नसून तापमान स्थिर राखणाऱ्या छोट्या भट्टीत बसवलेला स्फटिक असतो. तो उपग्रह सुटल्यावर अब्जात एक दशांश भागाने चुकतो असे धरले, तर तासाला ०.३६ मायक्रोसेकंद सरकतो. दीड मायक्रोसेकंदाची मर्यादा साधारण चार तासांत ओलांडली जाते, परंतु शेजाऱ्याच्या संकेतांवर प्रत्यक्ष आदळण्यासाठी त्याहून कितीतरी जास्त सरकावे लागते. दोन किलोमीटर अंतर कापायला रेडिओ लहरीला ६.७ मायक्रोसेकंद लागतात, त्यामुळे आधी सुटलेला संकेतही तेवढा उशिराच पोहोचतो. त्यात वरचे १३ मिळवा. म्हणजे घड्याळ सुमारे २० मायक्रोसेकंद पुढे गेल्याशिवाय शेजाऱ्याच्या फोनचे शब्द खऱ्या अर्थाने झाकले जाणार नाहीत. या गतीने त्याला दोन दिवसांहून अधिक लागतील, आणि बहुतेक टॉवर त्याच्या पुष्कळ आधी आपले ५जी स्वतःहून बंद करून घेतात.

शिवारदादा, म्हणून दोन गोष्टी विचारतो. त्रास हळूहळू वाढला की एकदम सुरू झाला? आणि आपल्या भागात अलीकडे कोठे केबल तुटली होती का?

अथणीकर

मध्येच विचारतो. आमच्या कारखान्याच्या कॅमेऱ्यांची घड्याळे आम्ही इंटरनेटवरून लावतो आणि वर्षानुवर्षे ती बरोबर आहेत. टॉवरला तसे का करता येत नाही? शिवाय हवेच्या थरांमुळे दूरचे टॉवर ऐकू येतात आणि त्यानेही ५जी बिघडते, असे वाचले आहे. येथे तेच नसेल कशावरून?

खानापूर शिवार

त्रास एकदम सुरू झाला. मेहुण्यांच्या सांगण्याप्रमाणे दुपारपर्यंत सर्व ठीक होते, मोठा पाऊस झाला आणि संध्याकाळपासून कागदपत्रे चढेनात. त्यानंतर तो कमीही झाला नाही आणि वाढलाही नाही. केबलबद्दल म्हणाल तर मे महिन्यात रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली होती आणि आमचा टॉवर दिवसभर बंद होता. अँटेना बदलणाऱ्या तंत्रज्ञाला मी विचारले होते की इतके दिवस तुम्हाला कळले कसे नाही. त्याने सांगितले की जीपीएस गेल्यावर टॉवर बेळगावहून येणाऱ्या बॅकअप घड्याळावर गेला होता आणि ते हिरवे दाखवत होते, म्हणून कोणी लक्ष दिले नाही.

फायबरवाला बेळगाव

ते हिरवे दाखवणारे बॅकअप घड्याळच मला संशयास्पद वाटते. माझा तर्क मांडतो. तो सिद्ध करण्याचे साधन माझ्यापाशी नाही, पण आकडे जुळतात.

अथणीकर, कॅमेऱ्यांची पद्धत मिलिसेकंदांपर्यंत अचूक असते आणि टॉवरला त्याच्या हजारपट अचूकता हवी असते. त्यासाठी पीटीपी नावाची पद्धत आहे. बेळगावला एका मुख्य घड्याळावर जीपीएस असतो आणि ते फायबरवरून टॉवरशी निरोपांची देवाणघेवाण करते. मुख्य घड्याळ निरोप सोडताना आपली वेळ नोंदवते, ती `t1`. टॉवर तो मिळाल्याची वेळ नोंदवतो, ती `t2`. मग टॉवर उलट निरोप `t3` ला सोडतो आणि तो बेळगावला `t4` ला पोहोचतो. टॉवर आपल्या घड्याळाची चूक अशी काढतो:

```
offset = ((t2 - t1) - (t4 - t3)) / 2
```

वाटेतील राउटरांमध्ये निरोप रांगेत थांबतो. तो वेळ वगळण्यासाठी प्रत्येक राउटरच्या पोर्टवरच वेळेची नोंद करतात आणि प्रत्येक टप्प्यावर घड्याळ नव्याने लावतात. ते सर्व केले तरी या सूत्रात एक गृहीतक शिल्लक राहते, ते म्हणजे जाण्याला आणि येण्याला सारखाच वेळ लागतो. खानापूरहून बेळगावला हमरस्त्याने गेलो आणि परत येताना आडवाटेने आलो, तर एकूण प्रवासाच्या निम्मा वेळ ही ना जाण्याची वेळ असते ना येण्याची. तसेच येथे होते. फायबरमध्ये प्रकाशाला किलोमीटरला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात. जाण्याचा एक आणि येण्याचा एक असे दोन वेगळे तंतू असतात, आणि ते सहसा एकाच केबलमध्ये शेजारी शेजारी असल्यामुळे फरक नगण्य राहतो.

आता मे महिन्यातील दुरुस्तीकडे या. केबल तुटल्यावर घाईत जे तंतू मोकळे मिळतात त्यांवर जोडणी करतात. समजा टॉवरकडून बेळगावकडे येणारा तंतू दुसऱ्या वाटेच्या केबलवर जोडला गेला आणि ती वाट १२ किलोमीटरने लांब आहे. जाण्या-येण्यात ६० मायक्रोसेकंदांचा फरक पडला, सूत्राने तो निम्मा केला, आणि परतीची वाट लांब असल्यामुळे टॉवरला आपण ३० मायक्रोसेकंदांनी मागे आहोत असे वाटले. त्याने आपले घड्याळ तेवढे पुढे नेले. डेटाला याने काहीच फरक पडत नाही आणि पिंगमध्ये ६० मायक्रोसेकंद कोणाच्या नजरेस येत नाहीत. जीपीएस चालू होता तोवर हे घड्याळ वापरातच नव्हते. त्या संध्याकाळी पावसाने जीपीएस गेला, टॉवर बॅकअपवर गेला आणि एकदम ३० मायक्रोसेकंद पुढे उडी मारून बसला.

हिशेब लावून पाहा. ३० मधून अंतराचे ६.७ आणि राखीव १३ वजा केले तर सुमारे १० मायक्रोसेकंद उरतात. म्हणजे शेजारच्या टॉवरच्या ऐकण्याच्या पाळीतील शेवटच्या खंडावर, जो सुमारे ३६ मायक्रोसेकंदांचा असतो, दर चक्राला आपल्या टॉवरचा घाला पडतो. त्या शेवटच्या खंडात फोनची पोच आणि चाचणीचे संकेत पुष्कळदा पाठवलेले असतात, म्हणून वर चढवणे अडते आणि खाली उतरवणे बरेचसे चालू राहते. आपल्या टॉवरचे स्वतःचे फोन त्याच्याच घड्याळावर चालतात, त्यामुळे त्यांना काही जाणवत नाही. आणि शेजाऱ्याचे बोलणे आपल्या टॉवरला उशिरा ऐकू येते तेही त्या ७० मायक्रोसेकंदांच्या मोठ्या शांततेत सामावते. तक्रार शेजारच्या गावातून का आली आणि तेथील टॉवरवर काहीच का सापडले नाही, हे यावरून स्पष्ट होते.

हवेच्या थरांबद्दल अथणीकरांनी विचारले आहे. शेकडो किलोमीटरवरून आलेला संकेत उशिरा पोहोचतो, त्यामुळे तो ऐकण्याच्या पाळीच्या सुरुवातीला आदळतो आणि पुढे पुढे विरत जातो. शिवाय तो हवामानाप्रमाणे येतो-जातो आणि एकाच वेळी अनेक टॉवरांना बाधतो. येथे दिवसरात्र एकाच टॉवरला त्रास होता, त्यामुळे ते कारण मी मागे ठेवतो. पाळीच्या कोणत्या खंडात गोंगाट वाढला होता याची नोंद पाहिली तर हा वाद मिटेल.

टॉवरचढ्या

याचा अर्थ अँटेना बदलल्याने त्रास झाकला गेला, पण फायबरमधील दोष तसाच आहे. पुढच्या पावसात पुन्हा पाणी शिरले तर पुन्हा तेच होईल.

फायबरवाला बेळगाव

माझा तर्क बरोबर असेल तर होय. तपासण्यासाठी टॉवरवर चढण्याचीही गरज नाही. आता जीपीएस सुरू आहे, तेव्हा त्याच टॉवरवर जीपीएसची वेळ आणि पीटीपीची वेळ यांतील फरक वाचायचा. तो काहीशे नॅनोसेकंदांच्या आत असेल तर मी चुकलो. तो कित्येक मायक्रोसेकंद असेल आणि तासन्‌तास स्थिर असेल, तर तंतूंच्या लांबीत फरक आहे. काही यंत्रे जीपीएस चालू असताना हा फरक स्वतःच मोजून लक्षात ठेवतात आणि जीपीएस गेल्यावर तो वजा करतात, पण ती सोय सर्वत्र सुरू केलेली नसते.

जुना एक्स्चेंज

फरक स्थिर असेल तर तो आकडा यंत्रात भरून टाकावा, दहा मिनिटांचे काम आहे. तंतू शोधत बसण्यात दिवस जातील. आणखी एक सुचवतो. आता इथरनेटमध्येही ई-वनसारखा ठोका पाठवता येतो. तो चालू असेल तर उपग्रह गेल्यावर टॉवर निदान आपल्या जागी बराच काळ टिकून राहील, आणि बॅकअपवर उडी मारण्याची घाई करावी लागणार नाही.

फायबरवाला बेळगाव

ठोक्याची सूचना उत्तम आहे, ती असेल तर घड्याळ खूपच कमी सरकते. आकडा भरण्याला मात्र माझा विरोध आहे. उद्या पुन्हा केबल तुटली आणि कोणी तंतू मूळ वाटेवर जोडला, तर भरलेला आकडा तसाच राहील आणि घड्याळ ३० मायक्रोसेकंदांनी उलट दिशेला जाईल. दोन्ही तंतू एकाच केबलमध्ये आणावेत, किंवा एकाच तंतूवर दोन वेगळ्या रंगांचा प्रकाश दोन्ही दिशांनी पाठवावा. मग वाट कोणतीही असो, ती दोन्ही बाजूंना एकच राहते आणि बेळगाव ते खानापूर अंतरात रंगांमुळे पडणारा फरक काही दहा नॅनोसेकंदांचाच असतो.

जुना एक्स्चेंज

तत्त्व मान्य आहे, पण पावसाळ्यात केबल उकरायची परवानगी कोण देणार? तोपर्यंत आकडा भरावा आणि दुरुस्तीच्या नोंदवहीत तो ठळकपणे लिहून ठेवावा, यावर मी ठाम आहे.

खानापूर शिवार

तंत्रज्ञाचा नंबर माझ्याकडे आहे. जीपीएस आणि बॅकअप यांच्या वेळेतील फरक किती आहे, आणि मे महिन्यात परतीचा तंतू कोणत्या केबलवर जोडला होता, हे दोन प्रश्न मी त्याला पाठवले आहेत. पहिल्याचे उत्तर कार्यालयातून पाहून सांगतो म्हणाला. दुसऱ्याची नोंद ज्या ठेकेदाराकडे असावी तो आता या कामावर नाही, असे त्याचे म्हणणे आहे.